उलट उत्तर चालेल

अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली रहमतुल्लांचं टेबल होतं. टेबलावर एक फोन, कार्बन लावलेल्या फॉर्मचा गठ्ठा, आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून वर ठेवलेला शिशाचा एक ठोकळा. मागे पाटी: 'येथे वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती स्वीकारल्या जातात.' पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्याने 'सर्व प्रकारच्या' असे जादा शब्द लिहिले तेव्हा ते पुसायला लावले होते. छोट्या म्हटलं की छोट्या. त्यात प्रकार कसले आले?

शब्द कमी करायची ही सवय त्यांना अकोल्याच्या छापखान्यात लागली. तिथे ते खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, आणि ओळीत जागा नसली तर कोणाचं तरी विशेषण काढून टाकायचं. अध्यक्षांच्या नावामागचे 'थोर', 'ज्येष्ठ' आणि 'आदरणीय' त्यांनी इतक्या वेळा उतरवून ठेवले होते की माणूस मुळात केवढा असतो, याचा त्यांना चांगला अंदाज आला होता. पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला. रहमतुल्ला अमरावतीला आले ते बायको हमिदा आणि एक शिशाचा ठोकळा घेऊन.

बोलण्यातही ते हात आखडता ठेवत. घरात हिंदी, टेबलावर वऱ्हाडी, पण दोन्हीकडे माप तेच. हमिदा म्हणायची, "आप बात करते हो के तार भेजते हो?" त्यावर ते "हो" म्हणत. कोणत्या अर्धवाक्याला हो, हे तिने पंचवीस वर्षांत विचारलं नव्हतं.

त्या काळात एका वर्तमानपत्राची योजना जोरात होती. पंधरा शब्द, तीन रविवार, एकच दर. सोळावा शब्द घ्यायचाच नाही. फॉर्मवर पंधरा चौकोन छापलेले असत, एका चौकोनात एक शब्द. फोन नंबर कितीही आकड्यांचा असो, तो एक शब्द. 'पाहिजेत', 'विकणे आहे', 'हरवले' ही मथळ्याची नावं पेपरची. ती मोजायची नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा पेपरच्या कचेरीत पोचला की रविवारी छापून येई.

वर्षं कठीण होती. 'विकणे आहे'चा रकाना वाढत चालला होता: बैलबंडी, पाण्याची मोटर, कधी बंडीला जुंपायची जोडीसुद्धा. 'पाहिजेत'मध्ये पुण्याच्या कंपन्या वऱ्हाडातली पोरं रखवालदार म्हणून मागत, आणि शेतकऱ्यांची स्थिती विचारत फिरायला संस्थांना पदवीधर लागत. रहमतुल्ला सगळ्यांना तीनच प्रश्न विचारायचे.

"काय देता? कुठं भेटता? कोणत्या गुणावाचून अडते?"

पगार, पत्ता आणि अट. बाकी सगळं ते पेन्सिलने आडवं करत. संस्थेचे लोक 'ध्येयवादी, सेवाभावी, तळमळीचे' असं लिहून आणत. रहमतुल्ला विचारत, "मोटरसायकल येते का, ते पाह्यता न?" ते ओशाळून म्हणत, "हो, ते तर पाहिजेच." मग ध्येय, सेवा आणि तळमळ जाऊन मोटरसायकल राही.

गुढीपाडवा होऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारी टेबलासमोर एक उंच म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मोर्शीकडचे खुशालराव. संत्र्याची बाग, घरात बायको गोदाबाई, मुलगा अमोल आणि सून अपेक्षा. हे सगळं त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"सालदार पाह्यजे," असं म्हणत त्यांनी पिशवीतून दोन भरगच्च कागद काढले.

रहमतुल्लांनी चष्मा वर केला. सालदार म्हणजे वर्षभराच्या कराराने शेतावर राबणारा माणूस. त्याची नेमणूक पाड्याला होते, तोंडी, पारावर किंवा ओसरीवर. सालदारासाठी पेपरात जाहिरात द्यायला आलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"गावात नाई भेटत?"

"गावातले नको."

"काहून?"

"काहून म्हंजे? नको म्हंतो न."

रहमतुल्लांनी कागद वाचायला घेतले. अक्षर टपोरं, मजकूर मात्र कुठून कुठे चाललेला. माणूस अनुभवी असावा. निर्व्यसनी असावा, तंबाखू चालेल. वयाने पन्नाशीपुढचा असल्यास बरा. डावा गुडघा अधू असल्यास हरकत नाही. बैलाशी बोलणारा असावा. खालच्या विहिरीचं पाणी ठाऊक असावं. जेवताना ताकाला मीठ लागतं, ते मिळेल. आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी, खाली दोन रेघा मारून: उलट उत्तर देणारा मुळीच नसावा.

"पंधरा शब्द," रहमतुल्ला म्हणाले.

"कायचे?"

"इतलेच बसते."

"अरे पण मी इतले लिवले, त्यात माह्या तीन राती गेल्या!"

"पेपरवाल्याले राती मोजता येत नाई, शब्दच मोजता येते."

खुशालराव खुर्चीत मागे सरले. रहमतुल्लांनी पेन्सिल घेतली. पगार विचारला: वर्षाचे चोवीस हजार, वर ज्वारी, बागेत खोली. ते ठेवलं. पत्ता: खुशालराव, मोर्शी, घरचा फोन. ठेवलं. 'पाहिजे' हा शब्द खोडला. मथळ्यात तो फुकट मिळतो. चोवीस हजार आकड्यात घेतले, त्यात एक शब्द वाचला. मग तिसरा प्रश्न आला.

"आता सांगा. कोणत्या गुणावाचून अडते?"

"सगळेच लागते."

"एक सांगा."

खुशालरावांनी टेबलावर मूठ ठेवली. "उलट उत्तर नाई पाह्यजे. बस. चार लोकांसमोर धन्याचं तोंड बंद करते, असा माणूस नाई पाह्यजे मले."

"मंग गुडघा राहू द्यायचा?"

"कोणता गुडघा?"

"हा. डावा."

खुशालराव एकदम जिन्याकडे पाहू लागले. "तो काय... तो खोडा."

रहमतुल्लांनी गुडघा खोडला, ताक खोडलं, बैल खोडला, विहीर खोडली. आडव्या रेघा इतक्या सरळ आल्या की त्यांनाच बरं वाटलं. पंधराच्या पंधरा चौकोन भरले:

'सालदार. संत्राबाग, मोर्शी. अनुभवी, उलट उत्तर न देणारा आवश्यक. वर्षाला २४,०००, ज्वारी, खोली. खुशालराव,' आणि शेवटच्या चौकोनात फोन.

"वाचून पाहा."

खुशालरावांनी वाचलं. दोन पानांचं एवढंसं झालेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण बोट ठेवायला जागा सापडेना. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पैसे मोजून ठेवून एसटी स्टँडकडे गेले.

त्या दिवशी घरी जाऊन रहमतुल्लांनी हमिदाला सांगितलं की आज दोन पानांचे पंधरा शब्द केले. हमिदा पोळ्या लाटत होती. "और जो काटे, वो कहाँ गए?" तिने विचारलं. हा प्रश्न त्यांना निरर्थक वाटला.

जाहिरातीचे तिन्ही रविवार उलटून गेले. ऊन असं तापलं की राजापेठेत दुपारी स्कूटरच्या सीटवर कोणी बसेना. एका गुरुवारी टेबलासमोर एक माणूस आला. खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला. खुर्चीवर बसताना त्याने डावा पाय आधी हाताने उचलून पुढे ठेवला आणि मग बसला.

रहमतुल्लांचं लक्ष त्या गुडघ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"नाव?"

"नत्थुजी."

"गाव?"

"आता अचलपूर. पोरीकडं असतो, कौशल्याकडं." त्याने गुडघा चोळला. "आधी मोर्शीकडं होतो. संत्र्यात."

रहमतुल्लांनी फॉर्म पुढे ओढला. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा त्यांचा नियम होता. लग्नाच्या जाहिराती घेणाऱ्या माणसाला हा नियम पाळावाच लागतो, नाहीतर अर्ध्या गावाची लग्नं मोडतील.

"काम पाह्यजे म्हून छापा," नत्थुजी म्हणाला. "हॉटेलात पेपर वाचून दाखवते एक जण. त्याच्यात आयकलं मी, असं छापता येते म्हून. माह्या मालकानं छापलं."

"काय छापलं?"

"छापलं काहीतरी." नत्थुजीने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "उलट उत्तर न देणारा पाह्यजे म्हंते. साऱ्या हॉटेलानं आयकलं. लोक म्हंते, नत्थुजी, हे तुमच्यावर आहे का गा? मी म्हटलं, माह्यावर कायले राहीन, मी तर आहो इथं बसून."

मग विचारावं लागलं नाही. माणूस कमी बोलणारा होता, पण हे त्याच्यात साठलेलं होतं. अमोलने बागेत ठिबकच्या नळ्या बसवायचं काढलं होतं. दुकानदार आला, कृषी खात्याचे साहेब आले, गावचे चार लोक आले. सगळे खालच्या विहिरीपाशी उभे. नत्थुजी म्हणाला, नळ्या चांगल्या आहेत, पण ही विहीर एका दमात उपसायची नाही. थोडं ओढलं की थांबायचं, झरा भरू द्यायचा, मग पुन्हा ओढायचं. नाहीतर गाळ येईन. खुशालराव म्हणाले, तू गप राह्य. नत्थुजी म्हणाला, विहीर गप राहत असन तर मीही राह्यतो. लोक हसले. खुशालराव हसले नाहीत.

"मंग काढलं तुमाले?"

"नाई बा. काढन कसा? तीस साल झाले." नत्थुजीने मान हलवली. "आमचं असं आहे का, पाड्याच्या दिवशी मी सकाळीच जातो त्यांच्या घरी. गोदाबाई ताट वाढते. जेवलो की पुढचं साल लागलं. इचारणं नाई, सांगणं नाई. यंदा म्हटलं, इतले बोल झाले, तर एक निरोप तं येईन. ये म्हून. नाई आला. मी दुपारपावतर वाट पाह्यली न निघालो पोरीकडं."

"त्यायनं कधी निरोप धाडला होता आधी?"

"कधीच नाई. कायले धाडन? मी जातोच न."

रहमतुल्लांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ओसरीवर ताट मांडून खुशालरावही दुपारपर्यंत वाट पाहत बसले असणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ज्याने कधी बोलावलं नाही तो आताही बोलावत नव्हता, आणि जो कधी बोलावण्याशिवाय गेला तो आता बोलावण्याची वाट पाहत होता.

"बरं," ते म्हणाले. "काय लिहू?"

"बागेचं काम. अनुभव आहे."

"पगार?"

"समजून देईन तो."

"आणखी?"

नत्थुजीने विचार केला. "बोलतो, असं लिवा."

"म्हंजे?"

"बोलतो मी. आधीच सांगून द्या बापा. मंग कोणी म्हणाले नको, का हा माणूस बोलते."

रहमतुल्लांनी लिहिलं: 'बागेचे काम. अनुभव आहे. बोलतो. पगार समजून. नत्थुजी, अचलपूर,' आणि कौशल्याच्या घराशेजारच्या एसटीडी बूथचा नंबर. सगळे मिळून दहा शब्द झाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फॉर्मवर चौकोन रिकामे राहिले होते.

"अजून पाच शब्द तुमचेच आहेत. पैसे त्याचे लागलेच."

"ठेवा तुमच्यापाशी," नत्थुजी म्हणाला. "कोणाले कमी पडले तर द्या."

तो पाय उचलून उठला आणि उन्हात गेला. रहमतुल्लांना हमिदाचा प्रश्न आठवला. खोडलेले शब्द कुठे गेले? त्यातला एक आत्ता लंगडत चालला होता.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, खुशालराव आले. टोपी हातात, चेहरा करपलेला. बसले ते पिशवी मांडीवर धरूनच.

"रहमतभाई, तुमची जाहिरात लय जोरदार हो," ते म्हणाले. यात कौतुक नव्हतं.

"लोक नाई आले?"

"आले न! रांग लागली. सगळे 'हो मालक.' बस म्हटलं, 'हो मालक.' ऊठ म्हटलं, 'हो मालक.' एक जण मी काही म्हणाच्या आधीच 'हो मालक' म्हणे. त्याले ठेवला. किसन नाव. देवमाणूस बापा, तोंडातून शब्द नाई." त्यांनी टोपी मांडीवर आपटली. "लाइट येते रातच्याले. मी म्हटलं, मोटर चालू ठेव. त्यानं ठेवली. मी झोपलो. विहीर आटली, गाळ आला, मोटर कोरडी फिरून फिरून जळली. सकाळी मी म्हटलं, अबे, पाणी संपलं तवा बंद काहून नाई केली? तर म्हंते, तुमी चालू ठेव म्हटलं होतं मालक."

"उलट उत्तर दिलं नाई."

"नाई दिलं!" खुशालराव ओरडले. वर क्लासमधलं शिकवणं क्षणभर थांबलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "जळलेली मोटर नव्या तारेनं भरून याले किती दिवस लागले. तितल्यात फळ गळालं. हिरवं हिरवं, गोटीवानी. झाडाखाली सडा पडला. अमोल म्हंते, बाबा, आणखी एक खेप अशी गेली तर यंदाचा बहार गेला. तो माह्याशी बोलत नाई, त्या नळ्यायशीही बोलत नाई."

"न किसन?"

"मीच घरी धाडला. जातानाही म्हणे, हो मालक."

रहमतुल्लांनी नवा फॉर्म काढला. कालचा फॉर्म त्याच गठ्ठ्यात, दोन पानं खाली होता. त्यांनी शिशाचा ठोकळा त्यावर सरकवून ठेवला.

"खुशालराव, एक सांगू? तुमचे ते दोन कागद मी वाचले होते. ती जाहिरात 'पाहिजेत'मध्ये बसतच नव्हती. 'हरवले'मध्ये बसत होती."

खुशालरावांनी हातातली टोपी उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "माणूस हरवला म्हून छापलं, तर लोक म्हणतीन, जाऊन घेऊन ये न. अचलपूर काय लंडनात आहे?"

"मंग?"

"मंग काय मंग! मी जाऊ? मी धनी." मग आवाज आणखी खाली आला. "पाड्याले ताट वाढून ठेवलं होतं. पुरण वाळून गेलं. आला नाई."

रहमतुल्लांच्या ओठापर्यंत कालचा सगळा प्रसंग आला होता. त्यांनी तो गिळला. नियम तो नियम. पण चूक आपलीही आहे, हे त्यांना दिसत होतं. 'कोणत्या गुणावाचून अडते' असं विचारून त्यांनी रागाचं उत्तर लिहून घेतलं होतं, आणि खरं उत्तर पेन्सिलने आडवं केलं होतं. रेघ सरळ आली म्हणून खूशही झाले होते.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "काय देता, कुठं भेटता, ते तेच. कशावाचून अडते?"

"खालच्या विहिरीचं पाणी जाणत असला पाह्यजे."

रहमतुल्लांनी चौकोन भरले. "सालदार. संत्राबाग, मोर्शी. खालच्या विहिरीचे पाणी ठाऊक असणारा. वर्षाला २४,०००, ज्वारी, खोली, नाव, फोन. चौदा झाले. एक उरला."

"एक?"

"एक."

खुशालराव त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले. वर फळ्यावर खडू करकरत होता. मग ते म्हणाले, "उलट उत्तर चालेल, असं लिवा."

रहमतुल्लांनी मान वर केली.

"तीन शब्द आहेत."

"मोजता येते मले."

"एकच बसते."

"मंग बसवा न! तुमी बसवणारे!" खुशालरावांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. "मी इतल्या दुरून येतो, न तुमी एक बोलणं माह्यं बसवू शकत नाई? खोली काढून टाका. ज्वारी काढा."

"पगारातलं काही काढायचं नाई. ते वाचूनच माणूस येते."

"हा माणूस त्यानं येत नाई."

"पेपर सगळे वाचते, खुशालराव. आलेला माणूस नंतर म्हणन, ज्वारी नाई लिवली."

काल कोणी पाच शब्द ठेवून गेलं होतं, कोणाला कमी पडले तर द्या म्हणून. पण पेपरच्या कचेरीत एका फॉर्मवरचे चौकोन दुसऱ्याला चालत नाहीत. रहमतुल्लांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, जसं ते छापखान्यात असताना करत, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. 'ठाऊक असणारा'चं 'जाणणारा' केलं, एक सुटला. मग 'संत्राबाग' वर पेन्सिल थांबली.

"बाग काढू?"

"बाग काढता? बाग काढली तर राह्यलं काय?"

"मोर्शी म्हटलं की संत्रा आला. विहीर म्हटली की बाग आली. ज्याले कळाचं, त्याले कळते."

खुशालरावांनी डोळे मिटले. "काढा."

'सालदार. मोर्शी. खालच्या विहिरीचे पाणी जाणणारा. उलट उत्तर चालेल. वर्षाला २४,०००, ज्वारी, खोली. खुशालराव,' आणि फोन. पंधरा.

या खेपेला खुशालरावांनी दोनदा वाचलं. "तो पेपर वाचत नाई," ते म्हणाले. "आयकते. हॉटेलात. चार लोकांसमोर." मग फॉर्म परत सरकवत, "चार लोकांसमोरच झालं होतं, तर चार लोकांसमोरच होऊ द्या."

संध्याकाळी रहमतुल्ला स्वतः गठ्ठा घेऊन कचेरीत गेले. दोन्ही फॉर्म एकाच गठ्ठ्यात गेले.

रविवारी टेबल बंद असे; त्या दिवसासाठी पावतीवर घरचा नंबर दिलेला असे. रहमतुल्लांनी सकाळी पेपर उघडला. एक जाहिरात 'पाहिजेत'मध्ये, दुसरी शेजारच्या रकान्यात 'काम हवे'मध्ये. त्यांनी घडी घातली आणि हमिदाला म्हणाले, "छापलं." तिने विचारलं, "क्या?" ते म्हणाले, "दोन्ही."

दुपारी जेवताना घरचा फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज.

"भाऊ, मी गोदाबाई बोलून राहिली, मोर्शीवरून. आमचे हे तुमच्याकडं आले काय जी?"

"नाई. काहून?"

"सकाळी पेपर पाह्यला, त्याच्यात काहीतरी वाचलं, न टोपी घालून निघून गेले. सांगून नाई गेले. न इथं नत्थुजी येऊन बसला. बागेत. घरात याले तयार नाई. म्हंते, मालकानं हाक मारली तर येतो. आता मालक कुठून आणू मी हाक माराले?"

रहमतुल्लांना सगळं समजलं. ते फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. या वेळी मागे एसटीडी बूथच्या यंत्राची कटकट होती.

"रहमतभाई, खुशालराव. अचलपुरातून. तुमच्या पेपरात याचं नाव पाह्यलं. 'बोलतो' म्हंते. म्हून म्हटलं, दुसरं कोणी नेण्याच्या आधी आपणच जावं. तर इथं कौशल्या म्हंते, बाबा सकाळीच गेले. कुठं गेला असन हा? तुमीच जाहिरात घेतली न त्याची? सांगा न आता!"

चांदूरबाजारला दोघांच्या एसट्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. रहमतुल्ला सांगू शकले असते: पाड्याची गोष्ट, वाळलेल्या पुरणाची, दुपारपर्यंत वाट पाहिलेल्या दोघांची. इथे चौकोन नव्हते, शब्दांना बंदी नव्हती. ते म्हणाले, "बागेत बसला आहे. हाक मारा."

तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

"बस?" हमिदा म्हणाली. "इतनाच?"

"इतनाच लागलं."

पुढचं त्यांना आठवड्याने कळलं, खुशालराव स्वतः सांगायला आले तेव्हा. गावात पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. नत्थुजी बागेतच होता. नवीन भरून आणलेली मोटर त्याने थोडी चालवून बंद करून ठेवली होती आणि विहिरीच्या काठावर झरा भरायची वाट पाहत बसला होता. अमोल त्याच्या शेजारी नळ्या उलगडून बसलेला, दोघंही घाणीने माखलेले.

"मी म्हटलं, नत्थू, जेवाले चाल," खुशालराव सांगत होते. "पह्यल्यांदा म्हटलं गा आयुष्यात. तर तो म्हंते..."

"काय म्हंते?"

"म्हंते, उशीर केला मालक. पाड्याचं जेवण आता वैशाखात वाढता काय?" खुशालराव हसले. हसताना त्यांना खोकला आला. "अमोलसमोर. गोदाबाईसमोर."

"मंग?"

"मंग काय. चालेल म्हून लिवून दिलं न मी. जेवलो दोघं."

पण ते हे सांगायला आले नव्हते. जाहिरात बंद करायची होती. पैसे तीन रविवारांचे भरले होते, दोन रविवार अजून बाकी होते, आणि घरचा फोन वाजायचा थांबत नव्हता.

रहमतुल्लांनी कचेरीत विचारून पाहिलं. भरलेली जाहिरात मागे घेता येत नाही, योजनेचा नियम. ते स्वतः नियमाचे माणूस. त्यांनी वाद घातला नाही.

त्या दोन रविवारांनंतर मोर्शीला जेवढे फोन आले, तेवढे या टेबलावरून गेलेल्या कुठल्याच जाहिरातीला आले नव्हते. अमरावतीहून आले, अकोल्याहून आले, पुण्याला रखवालदारी करणाऱ्या पोरांचे आले. बी.ए. होते, बी.एड. होते. शेती कोणालाच येत नव्हती, चोवीस हजार कोणी विचारत नव्हतं, ज्वारीबद्दल तर नाहीच. राजापेठेतल्या त्याच जिन्यावरच्या क्लासचे एक मास्तर खाली उतरून रहमतुल्लांना हळूच विचारून गेले, "काका, काम कशाचं ते राहू द्या. पण उलट उत्तर खरंच चालेल का?"

खुशालरावांचा पुढचा फोन आला तेव्हा रहमतुल्लांनी विचारलं, जागा विचारणाऱ्या इतक्या लोकांना काय सांगता?

"मी नाई बोलत आता फोनवर. बोलणं माह्यं लांबते. नत्थू उचलते."

"तो काय म्हंते?"

"भरली."

"आणखी?"

"आणखी काही नाई. 'भरली' म्हंते न ठेवून देते."

रहमतुल्लांनी फोन ठेवला. बराच वेळ त्यांनी त्या वाक्यातून काही काढता येईल का, ते पाहिलं. काढायला काहीच नव्हतं.